पोर्टफोलिओ दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

डिझायनरच्या मुलाखतीत साधारण पाऊण तास मिळतो. त्यातला निम्मा कॉलेजात केलेल्या लोगोंवर घालवावा. आजवर केलेलं सगळं दाखवावं, मावसभावाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. दोन-तीनच कामं निवडून नेली, तर समोरचे त्यांत खोल शिरतात आणि ते आपल्याला परवडत नाही.

तरी एखादं काम उलगडावं लागतंच. समजा, एका पतसंस्थेचं मराठी अ‍ॅप. सुरुवात थेट शेवटच्या स्क्रीनपासून करावी, तीही तिरक्या ठेवलेल्या चकचकीत मोबाइलच्या चित्रात बसवून. वापरणारे कोण, अडचण काय, हे आधी सांगू नये. नाहीतर लगेच कळेल की सभासद साठीच्या पुढचे होते, उन्हात उभं राहून शिल्लक बघत होते आणि आपण ती शिल्लक फिक्या करड्या अक्षरांत लिहिली.

‘हा करडा का?’ असं विचारतीलच. ‘क्लीन दिसतं,’ म्हणावं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा, असं वेबसुलभतेचे नियम सांगतात; पांढऱ्यावर #999999 तीनच्याही खाली जातो, #767676 जेमतेम पास होतो. पण हे बोलू नये, निर्णयामागे विचार होता असा संशय येतो. ‘क्लायंटला तसंच हवं होतं’ हे दुसरं हुकमी उत्तर. ‘क्लायंटचा फिका रंग मी चौकटीपुरता ठेवला, आकडे गडद केले,’ असं सांगणारी मुलगी मात्र धोकादायक. नोकरी तिलाच मिळते.

आता खरी कसोटी. समोरच्या बाई स्क्रीन मोठा करतात आणि ‘ठेवीची पूर्ती’ वर बोट ठेवतात. ‘पूर्ती’चा खालचा ऊकार तुटलाय, वरचा रफारही अर्धाच उरलाय. कारण साधं आहे: ओळींची उंची इंग्रजी स्क्रीनवरून उचलली, 16 च्या अक्षरांना 18. इंग्रजीला ती पुरली. मराठी अक्षराला वर आणि खाली, दोन्हीकडे जागा लागते.

अशा वेळी ताबडतोब डेव्हलपरचं नाव घ्यावं. तो खोलीत नसतो, ही मोठी सोय. किंवा ‘हा जाणीवपूर्वक निर्णय आहे’ म्हणून हाताची घडी घालावी. वही काढून टिपून घेऊ नये. आणि हे तर चुकूनही म्हणू नये: ‘बरोबर आहे. उंची 26 केली तर तुटणार नाही, पण मग पाचऐवजी तीनच व्यवहार मावतील. शिल्लक वर असल्यानं मला ते चालेल.’ बदलाची किंमत कुणी अशी आपणहून मोजून दाखवली की बाई मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न रुजू कधी होणार, हा असतो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील. तेव्हा पार्किंगची चौकशी करावी. ‘इथे डिझायनरचं काम कोण तपासतं आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा?’ हे विचारू नका. त्याच्या उत्तरावरून ही नोकरी घ्यावी की नाही, ते कळून जातं.