कोलाडला येत नाही, कारण...

ऑफिसच्या ग्रुपवर मतदान आलं: शनिवारी कोलाडला राफ्टिंग. पर्याय तीन. येणार, नाही येणार, बघतो. त्याच शनिवारी मावससासूबाईंची पंच्याहत्तरी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझं बोट 'बघतो'वर गेलं. आपल्याकडे बघतो म्हणजे नाही, हे समोरच्याने समजून घ्यायचं असतं. आमच्या टीम लीडचं समजणं वेगळं. 17 सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरला अ‍ॅडव्हान्स देताना सगळे 'बघतो' त्याने 'येणार'मध्ये धरले.

"ऑफिसात सांगितलंस ना?" बायकोने बुधवारी विचारलं, तेव्हा मी घाईने नकार लिहायला बसलो.

"यायची फार इच्छा होती. पण मावससासूबाईंची पंच्याहत्तरी आहे. दुपारी साडेबाराला 75 दिव्यांनी ओवाळायचंय आणि वाती भिजवण्यापासून सगळं माझ्याकडे आहे. त्यामुळे जमेलसं वाटत नाही." शेवटी दोन जोडलेले हात.

इंजिनिअरांच्या ग्रुपवर कारण टाकलं की त्याचं तिकीट तयार होतं आणि जो तो ते सोडवायला धावतो.

"साडेबारा ना? मग सकाळ मोकळीच की!"

"एलईडीची माळ आण. बटण दाबलं, ओवाळून झालं."

मी समजावत बसलो. कुंडलिकेचा जोर धरणातून सोडलेल्या पाण्यावर, ते पाणी सकाळी मिळतं. राफ्टिंग उरकून, ओल्या कपड्यांनिशी ताम्हिणी घाट चढून साडेबाराला पुण्यात पोचणं अशक्य. यावर लीड म्हणाला, "एवढा अभ्यास केलायस म्हणजे तुला यायचंच आहे."

मेसेजमधले निदान दिवे तरी काढावेत म्हणून बघितलं, तर दुरुस्तीची 15 मिनिटं उलटून गेली होती. डिलीट करावा, तर तिथे डिलीट केल्याची पाटी राहते, आणि ती दिव्यांपेक्षा जास्त चमकते.

वास्तविक आमच्या टेस्टिंगवालीने सोमवारीच, अ‍ॅडव्हान्स जायच्या आधी, लिहून टाकलं होतं: "शनिवारी घरचं कार्य आहे, मला जमणार नाही. माझी सीट दुसऱ्या कुणाला द्या. मजा करा, फोटो टाका." खाली अंगठ्यांची रांग. कसलं कार्य, किती वाजता, कुणी विचारलं नाही. माझ्या 'जमेलसं वाटत नाही'त मात्र अख्खी टीम हात घालून उभी.

रात्री लीडचा मेसेज आला. "खास तुझ्यासाठी आउटिंग रविवारी नेलंय. टेम्पोवाला तयार आहे." टाळ्याच टाळ्या. टेस्टिंगवालीने लिहिलं, "अरे वा, मग मीपण येते!"

रविवारी सकाळी मुक्कामाच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, जमेल तितक्या सहज, विषय काढला.

"जा की," वाती वळता वळता सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कुठे अडवलंय? रिक्षा मिळतात हो पहाटे. बॅगा काय, मावशी उचलेल एकेक."