बाईंचा भांग आणि भाट्याचा वारा

रत्नागिरीत माणसाच्या डोक्यावरचे केस म्हणजे वेधशाळेची शाखा. थट्टा नव्हे. १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने खरोखरच माणसाचा केस ताणून बसवला आणि हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं. केस हवेतलं पाणी पितो आणि लांबतो. अगदी कोरड्याचा अगदी ओला झाला तर शेकडा दोन-अडीच. बिचाऱ्याने उगाच एवढी यातायात केली. मे महिन्यात संध्याकाळी आमच्या राम आळीत उभा राहिला असता, तर येणाजाणाऱ्यांच्या डोक्याकडे बघूनच त्याला आकडा सांगता आला असता. सगळे केस सारखं पाणी पीत नाहीत, सारखे वळत नाहीत. मग सकाळी तेल लावून, चापूनचोपून बसवलेल्या डोक्यातून चार वाजेपर्यंत पाचपन्नास केस उठून उभे राहतात आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याची वाट बघतात.

माझा धंदा फोटो स्टुडिओचा, त्यामुळे या उठलेल्या केसांवर माझं घर चालतं. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, फोटो चांगला काढा. आता म्हणतं, काढलाय मी मोबाईलवर, तुम्ही फक्त चांगला करा.

परवा आमच्या बाई आल्या. बाई म्हणजे मुख्याध्यापिका, ३१ मेला निवृत्त होणाऱ्या. मला त्यांनी पाचवीत गणित शिकवलं आहे, म्हणजे शिकवायचा यत्न केला आहे. शाळेच्या ऑफिसात आजवरच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरींची ओळ आहे, तिच्यात लावायला फोटो हवा होता. भाच्याने भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी काढलेला. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला, बाई प्रसन्न हसताहेत, डावीकडे आभाळ, उजवीकडे सुरूचं बन. आणि डोक्याभोवती वाऱ्याने मांडलेला संसार.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "केस जरा नीट कर. पण नीट केलेत असं दिसता कामा नये."

"आणि बाई, भांगातले पांढरे?"

बाईंनी वर्गात कोणी पुडी सोडली की बघायच्या, तसं बघितलं. "कुठले पांढरे?"

एप्रिलात घरचं लग्न होतं, तेव्हा बाईंनी केस रंगवले होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दीड महिना झालेला. तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटरची रुपेरी किनार आली होती; गणित त्यांनीच शिकवलेलं. मी काही बोललो नाही. "बघतो," म्हणालो. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ "समजलं" असा आहे.

आधी उडालेले केस. नवशिका पोरगा काय करतो, तर आभाळाचा तुकडा उचलतो आणि केसावर थापतो. केस जातो, पण आभाळही जातं. संध्याकाळचं आभाळ वरून खाली बदलत असतं, त्याच्यात दोन बोटं वरचा रंग खाली आणला की भिंतीला पोपडा बुजवल्यासारखा डाग दिसतो. त्यावर उपाय असा: फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर एक कोरा लेयर घ्यायचा, त्याची पद्धत Lighten ठेवायची, क्लोन स्टॅम्पला Current & Below सांगायचं आणि केसाच्या अगदी शेजारचंच आभाळ उचलून केसावर फिरवायचं. Lighten म्हणजे काय, तर खाली जे अधिक काळं आहे तेवढंच उजळायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. आभाळावर काळा केस एवढीच काळी वस्तू असल्यामुळे तेवढाच जातो. आभाळाला कळतसुद्धा नाही.

फक्त ब्रश डोक्यावर चढू द्यायचा नाही. डोकंही आभाळापेक्षा काळंच. एक फटका आत गेला की बाईंच्या अंबाड्यात आभाळ शिरलं.

हे झालं डावीकडचं. उजवीकडे सुरूचं बन, गडद हिरवं, आणि त्यावर बाईंचे उडालेले केस पांढरे. (रंग लावताना बारीक केस निसटतात, आणि नेमके तेच उडतात.) शिवाय मावळतीच्या उजेडाने काळे केससुद्धा कडेला सोन्याच्या तारेसारखे पेटलेले. इथे Lighten काय कामाचं? केस मागच्यापेक्षा उजळ आहेत. इथे दुसरा लेयर, Darken. म्हणजे एकाच बाईंच्या एकाच डोक्याला डाव्या कानाचा कायदा वेगळा आणि उजव्या कानाचा वेगळा. नवख्याला हे सांगितलं की तो विचारतो, "मग मधे काय?" मधे डोळे उघडे ठेवायचे. केस कशावर पडलाय ते बघायचं आणि त्याप्रमाणे लेयर बदलायचा.

आता खरी गोम. हे काम जमू लागलं की हात थांबत नाही. एक केस गेला, दुसरा गेला, प्रत्येक केस आता गुन्हेगार वाटू लागतो. शेवटी डोक्याची कड अशी गुळगुळीत होते की बाई भाट्यावर उभ्या नाहीत, कात्रीने कापून भाट्यावर चिकटवल्या आहेत असं वाटतं. खऱ्या डोक्याला कड नसते, धूसर काठ असतो. म्हणून मी चेहऱ्यावरून आडवे गेलेले, एकमेकांना छेदून जाळं करणारे आणि लांब एकटेच भरकटलेले एवढेच केस काढतो. कपाळाजवळची बाळलव आणि कानामागचे दोनचार तसेच ठेवतो. डाग राहिलाय का हे बघायला सर्वांत वर Curves चा एक लेयर टाकून रेघ मुद्दाम वेडीवाकडी ओढायची. फोटो भुताटकीसारखा दिसतो, पण जिथे थापाथापी केली आहे ती जागा लगेच उठून दिसते. दुरुस्त करायचं आणि तो लेयर काढून टाकायचा. तो चालू असताना गिऱ्हाईक दुकानात येऊ देऊ नये. एक आजोबा असेच आत आले आणि आपल्या मंडळींना बघून पायरीवर बसले.

मग भांग. लोकांना वाटतं, पांढरा केस काळा करायचा म्हणजे त्याला रंग द्यायचा. बाईंचा भाचाही घरी तेच करून बसला होता. Color पद्धतीचा लेयर, त्यावर तपकिरी रंग. झालं काय, तर भांगाच्या दोन्ही बाजूंना मेंदीने रंगवलेली दाढी उगवली. कारण Color फक्त रंग बदलतं, उजेड जसा होता तसा ठेवतं. पांढऱ्या केसाची अडचण रंगाची नाहीच, उजेडाची आहे. पांढरा राहून तो तपकिरी झाला की त्याला आपण केशरी म्हणतो.

तेव्हा आधी उजेड उतरवायचा. Curves चा लेयर घ्यायचा, रेघ मधून खाली ओढायची, सगळा फोटो काळवंडला की Ctrl+I दाबून त्याचा मास्क काळा करायचा, म्हणजे काळवंडलेपणा झाकला जातो. मग केसाएवढा बारीक ब्रश, पांढरा, जोर वीस टक्क्यांच्या आत, आणि मुळापासून टोकाकडे, केस जसा वळलाय तसा एकेक फटका. हे घाईचं काम नाही. एकदम रुंद ब्रश फिरवला की केस न राहता पट्टा होतो. उजेड रंगवलेल्या केसांच्या जवळपास आला की त्यावर Color चा लेयर. आणि रंग कुठून उचलायचा, तर त्याच डोक्यावरून, त्याच उन्हातून, शेजारच्या रंगवलेल्या केसावरून. डब्यातला काळा घ्यायचा नाही. संध्याकाळच्या उन्हात काळा केस काळा नसतोच, चांगला तपकिरी असतो. डोक्यावरून जी चमक आडवी जाते ती नव्या काळ्या केलेल्या मुळांवरूनही जायला हवी, नाहीतर ओल्या डांबरासारखा भाग दिसतो.

आणि भांगाची रेघ! ती कातडी आहे, केस नव्हे. तिच्यावर रंग सांडला की भांग बुजतो, आणि भांग बुजला की टोप. बाईंच्या भांगावर मी मोठं करून, श्वास धरून काम केलं. पाचवीत एवढं लक्ष दिलं असतं तर आज मीच बाईंच्या जागी असतो.

माझे काका या धंद्यात फिल्मच्या काळातले. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करायचे. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की छापात ती जागा उजळते, त्यामुळे सुरकुत्या घालवणं त्यांच्या हातचा मळ. पांढरा केस काळा करायचा मात्र पेन्सिलीला जमेना, तिचा स्वभावच उजळवण्याचा. त्यासाठी निगेटिव्ह चाकूने खरवडायची, नाहीतर छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्याने काळा रंग भरायचा. शाळेच्या ऑफिसातल्या ओळीत असे दोन मुख्याध्यापक आहेत. समोरून बघा, केस काळेभोर. जरा बाजूला सरकून तिरकं बघा, कागद चमकतो आणि केस चमकत नाहीत. शाई कुठे भरली ते रेघारेघांत दिसतं. शिपाई रोज झाडताना बाजूनेच बघतो, त्यामुळे शाळेत कोणाचे केस खरे हे फक्त त्यालाच ठाऊक.

फोटो न्यायला बाई आल्या. बराच वेळ स्क्रीनजवळ, मग दोन पावलं मागे, मग पुन्हा जवळ. वही तपासताहेत असंच वाटलं.

"कानावरचे पांढरे ठेवलेस वाटतं?"

"हो बाई. मुळांचे काढले. कानशिलावरचे काढले तर चेहरा अठ्ठावन्नचा आणि केस अठ्ठाविसाचे असं दिसेल."

"आणि हा उडालेला?"

"तो भाट्याचा आहे, बाई."

बाई हसल्या. "ठेव," म्हणाल्या, आणि पर्स उघडता उघडता विचारलं, "हाच व्हिसाला चालेल ना रे? मुलीकडे जायचंय."

चालत नाही. व्हिसाला संगणकावर फिरवलेला फोटो देऊ नये. तिथे दीड सेंटिमीटर तर दीड सेंटिमीटर, आहे तसंच डोकं लागतं. त्यासाठी बाईंना मी पुन्हा पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं, केसांना पाण्याचा हात लावायला सांगितलं आणि पंखा बंद केला.

एक विनंती मात्र सगळ्यांनाच करतो. फोटो दुरुस्तीला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून टाकू नका. ते फोटो लहान करतं, दाबतं, आणि त्यात पहिला बळी केसांचा जातो. केस केसापासून सुटा राहत नाही, चौकोनी चिखल होतो, आणि त्यातला काळा कुठला, पांढरा कुठला हे ब्रह्मदेवालाही निवडता येणार नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. दुपारी एक ते चार बंद असतं.