दोनशे सत्तेचाळीस रुपये

एप्रिल २०२३ मध्ये मी घराच्या कर्जाचा २२,७२२ रुपयांचा हप्ता भरणार होतो. त्यातले २२,४७५ व्याजात जाणार होते आणि मुद्दलातून सुटणार होते २४७. आमच्या घरी एवढ्यात आठवड्याची भाजी येत नाही.

कर्ज घेतलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. तीस लाख, वीस वर्षं, फ्लोटिंग, ६.७ टक्के. रेपो रेट तेव्हा चार टक्क्यांवर पडून होता आणि तो आता वरच जाणार, हे आमच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक होतं. त्याच महिन्यात साडूंनीही तीस लाख घेतले, पण फिक्स्ड, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता २६,०३५. माझ्यापेक्षा महिन्याला ३,३१३ रुपये जास्त. "भाऊ, रात्री झोप लागली पाहिजे," असं ते म्हणाले. मला झोप फुकटात लागत होती, त्यामुळे मी हसलो.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो रेट वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर नेला. माझा दर रेपोला बांधलेला. दर तीन महिन्यांनी त्याने पायरी चढायची आणि बँकेने मेसेज पाठवायचा. मेसेज आले की मी आधी हप्ता बघायचो. तो तोच, २२,७२२. म्हटलं, आपलं काही बिघडलेलं नाही.

बिघडत होतं ते दुसरीकडे. दर वाढला की बँका बहुधा हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत लांबवतात. खिशाला चिमटा बसत नाही, म्हणून आपण ओरडत नाही. म्हणजे हप्ता फिक्स्ड आणि वर्षं फ्लोटिंग! दर ९.२ टक्क्यांवर गेला त्या महिन्यात मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २४७ रुपयांपासून सुरू होऊन याच चालीने गेलो तर कर्ज फिटायला ५९२ महिने लागणार होते. एकोणपन्नास वर्षं. मी तेव्हा एक्केचाळीसचा. शेवटचा हप्ता नव्वदीत भरून मग कवळी काढून ठेवायची.

बँकेलाही माझ्या आयुष्याचा एवढा भरवसा नव्हता. तिथल्या बाईंचा फोन आला, "सर, मुदत निवृत्तीच्या पुढे नाही नेता येणार. हप्ता वाढवा, नाहीतर थोडं मुद्दल भरा." मुद्दल भरायला पैसे नव्हते. उरलेले २२३ हप्ते तेवढेच ठेवायचे तर हप्ता झाला २७,४७९. आता मी साडूंच्या पुढे होतो, आणि त्या दिवाळीला ते फराळाला जरा जास्तच वेळ बसले.

पण त्यांच्या मंजुरीपत्रात एक ओळ होती, जी त्यांनी झोपेच्या आनंदात वाचली नव्हती. फिक्स्ड फक्त तीन वर्षं, पुढे चालू दराने फ्लोटिंग. आपल्याकडे फिक्स्ड म्हणून मिळणारी पुष्कळ कर्जं अशीच असतात. त्यांची तीन वर्षं संपली ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे दर अगदी माथ्यावर असताना. तेही ९.२ वर आले. चार महिन्यांनी रेपो उतरायला लागला, आणि २०२५ संपेपर्यंत सव्वा टक्का खाली आला.

मग एका रविवारी आम्ही दोघांनी तीन वर्षांचा हिशेब मांडला. मी त्यांच्यापेक्षा एकूण २८,८८५ रुपये कमी भरले होते. पण माझं मुद्दल त्यांच्याहून सुमारे पंचवीस हजारांनी जास्त शिल्लक होतं. फरक चार हजारांच्या आत. बायको म्हणाली, "यासाठी तीन वर्षं भांडलात?"

मला त्यात नवल वाटलं नाही. दर वाढणार हे इस्त्रीवाल्याला कळतं, तर बँकेला कळणार नाही? साडूंकडून जास्तीचे १.८ टक्के तिने त्याचेच घेतले होते. सगळ्यांना माहीत असलेल्या अंदाजावर फिक्स्ड घेऊन फायदा होत नाही. दर अंदाजापेक्षाही जास्त चढले तरच होतो. साडूंना तीन वर्षं आपला खर्च आधीच कळला, एवढी किंमत मात्र मी मानतो. ज्याच्या पगारातून पाच हजार जास्त निघूच शकत नाहीत, त्याने ती जरूर मोजावी. फक्त फिक्स्ड किती वर्षांचं आणि मध्येच पैसे भरले तर दंड किती, हे सही करण्याआधी विचारावं. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग असेल तर तो दंड लागत नाही.

आणि फ्लोटिंगवाल्यांनो, हप्ता तोच आहे म्हणून मेसेज पुसू नका. आज रात्री कर्जाचं स्टेटमेंट उघडा आणि किती हप्ते उरलेत तेवढं बघा.