आहेर आणू नये, पिन पाहावी

आमच्या घरात लग्न ठरलं की कामं वाटली जातात. चुलतभावाच्या मुलीचं ठरलं तेव्हा केळवणांची यादी वहिनीकडे गेली, भटजी आणि सनईवाले काकांकडे, आणि पाहुण्यांना रस्ता सांगणारा मेसेज माझ्याकडे आला. "तू लिहितोस ना काहीबाही? मग हेही लिही," असं दादा म्हणाला.

पत्रिकेवर पत्ता होताच. म्हात्रे पूल ते राजाराम पूल, डी. पी. रस्ता, पुणे. पुण्याबाहेरच्या वाचकांना यातली गंमत कळायची नाही. या रस्त्यावर नदीच्या अंगाला एकाला लागून एक लॉन आणि कार्यालयं आहेत. लग्नसराईत सगळ्यांच्या कमानी सारख्याच, माळाही त्याच, आणि सगळीकडे 'सुस्वागतम्'. चुकून भलत्या लग्नात शिरलेल्या माणसाला आपली चूक जिलबीपर्यंत कळत नाही, आणि जिलबीनंतर कळून उपयोग नसतो.

पिन टाकायचं काम पुतण्यानं आधीच उरकलं होतं. घरबसल्या नकाशावर बोट दाबून धरलं, लाल पिन उभी राहिली, काम झालं. मी ती मोठी करून पाहिली. पिन स्टेजच्याही मागे, नदीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. आता जागा बरोबरच होती, लॉनच्या बाहेर काही नव्हती. पण रस्ता दाखवणाऱ्या ॲपला गेट कशाशी खातात ते ठाऊक नसतं. ते पिनेच्या सगळ्यांत जवळ गाडी जाईल असा रस्ता शोधतं आणि तिथे नेऊन सोडतं. तो रस्ता भिंतीच्या मागचा असला तर मागचा, नदीच्या पलीकडचा असला तर पलीकडचा. वरपक्ष सिंहगड रस्त्यानं येणार होता. त्यांनी पैलतीरावर उभं राहून मंगलाष्टकं ऐकावीत आणि अक्षता मुठेत टाकाव्यात, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

काकांनी तेवढ्यात परस्पर एका ग्रुपवर 'करंट लोकेशन' पाठवलंही होतं. ते त्यांच्या दिवाणखान्यातल्या कोचाचं होतं, कारण पाठवताना ते तिथे बसले होते. पुतण्यानं यावर तोडगा काढला, "मी लग्नाच्या दिवशी लाइव्ह लोकेशन टाकतो, आठ तासांचं." लाइव्ह लोकेशन माणसाबरोबर हिंडतं. हा मुलगा सकाळी हार आणायला मंडईत जाणार, तिथून मामाला घ्यायला स्टेशनवर. वऱ्हाड बिचारं त्याच्या मागोमाग सगळं पुणं बघून आलं असतं.

खरं तर पिन गेटावर उभं राहूनच घ्यावी. म्हणून आम्ही तिथे गेलो. फोनवरच्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं. ते मोठं असेल तोवर फोनचाही अंदाजच चाललेला असतो. मोकळ्या आकाशाखाली जरा थांबलं की वर्तुळ आक्रसतं, मग पाठवायचं. आणि पाठवलं की दुसऱ्याच्या फोनवर उघडून, येणाऱ्यांच्या बाजूनं रस्ता काढून पाहायचं. आम्ही दोन्ही पुलांवरून काढून पाहिला. दोन्हीकडून रेघ गेटाशीच थांबली, तेव्हा कुठे चहा घेतला.

मग आल्या खुणा. पिन शेवटच्या वळणापर्यंत आणते. तिथून पुढे माणूस काच खाली करून डोळ्यांनी शोधतो. काकांची खूण होती, "पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती तिथून डावीकडे." ती पाडलेली गिरणी काका आणि त्यांचे दोन मित्र सोडून कुणाला दिसत नाही. वहिनी म्हणाली रसवंतीगृह लिही. लग्न डिसेंबरात संध्याकाळी. रसवंती बंद आणि पाटी अंधारात. कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा भव्य फ्लेक्स फार सोयीचा होता, पण भाऊंचा वाढदिवस लग्नाच्या आधीच उरकत होता. शेवटी औषधांचं दुकान धरलं. रात्री उघडं, पाटीला दिवा, आणि मुख्य म्हणजे वळणाच्या अलीकडे. वळणाच्या पलीकडची खूण सांगितली तर माणसाला ती दिसते तेव्हा तो वळण चुकलेला असतो. पलीकडची खूण एकाच कामाची, 'ही दिसली तर तुम्ही पुढे आलात' असं सांगायला. आम्ही त्यासाठी पेट्रोल पंप ठेवला.

खरी मेख पार्किंगची होती. कार्यालयाच्या आत गाड्या लागतात त्या नवरदेवाची सजवलेली, केटररचा टेम्पो आणि आधी पोचलेल्या चार हुशारांच्या. बाकीच्यांसाठी शेजारचं मैदान ठरवलेलं. म्हात्रे पुलाकडून येताना मैदान आधी लागतं आणि गेट नंतर. रस्त्याला दुभाजक. म्हणजे पाहुणा गेटाशी आला, रखवालदारानं त्याला "मैदानात लावा" म्हणून मागे बोट दाखवलं की त्याला पुढे जाऊन, वळून, उलट्या बाजूनं पार मागे जाऊन, पुन्हा वळून यावं लागणार. त्यात गेटापुढे वरात नाचत असली तर विचारूच नका. आणि आपल्याकडे सगळे मेसेज आधी कार्यालयाचं नाव, मग मुहूर्त, मग पिन आणि सगळ्यांत शेवटी 'पार्किंगची सोय आहे' असे लिहिलेले असतात. गाडी चालवणाऱ्याला जे आधी दिसणार ते आधी लिहिलं पाहिजे, मग दादाला ते कितीही बिनमहत्त्वाचं वाटो. दादाचं म्हणणं, वधूचं नाव पार्किंगच्या खाली कसं? मी म्हटलं, वधूचं नाव पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत आहे, इथे मैदान वर राहू दे.

अखेर गेला तो मेसेज असा:

"म्हात्रे पुलावरून येणारे: पूल उतरल्यावर डावीकडे डी. पी. रस्ता. डाव्या हाताला औषधांचं दुकान दिसलं की वेग कमी करा. लगेच डावीकडे मैदान, गाडी तिथेच लावा. गेट तिथून चालत दोन मिनिटं. पेट्रोल पंप दिसला तर पुढे आलात.
राजाराम पुलावरून येणारे: पूल ओलांडून उजवीकडे. कार्यालय उजव्या हाताला दिसेल, पण तिथे वळता येत नाही. पुढे जाऊन वळून या, मग वरीलप्रमाणे.
रिक्षा आणि आजी-आजोबा: थेट गेटाशी. पिन गेटाचीच आहे.
आमची कमान झेंडूची आहे, शेजारच्यांची कागदी फुलांची.
अडल्यास फोन करा."

फोन कुणाचा द्यायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. वधूपित्याचा देऊन चालत नाही, तो त्या वेळी कन्यादानात असतो. मामा आंतरपाटाशी. ज्याच्यावाचून एकही फोटो अडणार नाही, अशा माणसाचा द्यावा लागतो. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

लग्नाच्या संध्याकाळी मंगलाष्टकं सुरू झाली आणि फोनही सुरू झाले. मावशीचा आला, "मेसेज मिळाला हं, छान लिहिलायस. आता यायचं कसं ते सांग." मग अनोळखी नंबरांची रांग लागली. औषधांचं दुकान दिसलं का, आता डावीकडे, हां, लावा तिथेच. एका गृहस्थांना तर मी मैदानापासून गेटापर्यंत फोनवर बोट धरून आणलं. कमानीशी त्यांना गाठून "मुलीकडचे का?" म्हणून विचारलं, तर ते वर झेंडूकडे पाहत म्हणाले, "मुलाकडचे. पण कागदी फुलं कुठायत?"

त्यांनी फोन पुढे केला. मेसेज माझाच होता. शेजारच्या लॉनच्या यजमानांनी तो कुठूनसा मिळवून जसाच्या तसा सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता. कमानींची तेवढी अदलाबदल केली होती. नंबर माझाच ठेवला होता.