उतरणाऱ्याचा मान

वरंध घाटात, जेथे रस्त्याची रुंदी एका मोटारीपुरतीच उरते तेथे, चढणाऱ्या वाहनास वाट देऊन उतरणाऱ्याने थांबावे, हा दंडक वाहतुकीच्या नियमावलीत नमूद आहे. कारण चढावर थबकलेला भरला ट्रक पुन्हा हलताना आधी मागे घसरतो आणि क्लचच्या जळक्या वासाने आपली तक्रार गुदरतो. महाडकडे उतरताना हे सारे मला मुखोद्गत होते. तथापि खालच्या वळणावरच्या ट्रकचा हॉर्न स्पष्ट ऐकूनही, समोरचाच थांबेल अशा सुसंस्कृत श्रद्धेने मी थांबण्याजोगी रुंद जागा मागे टाकली, आणि माझ्या श्रद्धेवर श्रद्धा ठेवून आणखी दोन मोटारी माझ्यामागे आल्या.

परिणामी तिन्ही मोटारींची उलटी वरात शंभर हात वर निघाली. दरीकडचा मुरूम पावसाने भुसभुशीत झालेला, म्हणून खांद्यावर फडके टाकलेला ट्रकचा क्लीनर माझ्या डिकीवर थापा मारीत ओरडत होता, "डोंगराकडं दाबा, साहेब! आरसा गेला तर जाऊ द्या!"

आरसा गेला. ट्रकचालकाने जाताना मोठ्या अदबीने मला सलाम केला.