शून्य रुपयांची तीन कोटेशनं

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की' इथपर्यंत पत्र बिनचूक होतं. पंचाईत झाली ती खर्चाच्या तक्त्यापाशी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याला गेम डेव्हलपमेंट क्लबसाठी खोली आणि निधी हवा होता, आणि तक्त्याची पहिलीच ओळ होती: गेम इंजिन 'गोडो', किंमत 0 रुपये.

हेडक्लार्कना तो आकडा पचेना. खरेदी म्हटली की तीन कोटेशनं आली, त्यांतलं सगळ्यांत स्वस्त मंजूर. आता शून्याच्या खाली कोण उतरणार?

मुलाने समजावलं. गोडो एमआयटी परवान्याखाली मिळतं. त्यात बनवलेला गेम विकला तरी इंजिनवाल्यांना दमडी द्यावी लागत नाही. "आज नाही. उद्या मागितली तर?" हेडक्लार्क म्हणाले. शंका अगदीच हवेतली नव्हती. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने ठरावीक मर्यादेपुढच्या गेमना दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं. गेम बनवणारे खवळले आणि वर्षभराने कंपनीने तो बेत गुंडाळला. गोडोचं तसं नाही, हाती आलेल्या आवृत्तीचा परवाना कुणी काढून घेऊ शकत नाही. हेडक्लार्कनी मान डोलावली आणि विचारलं, "मग हे डेड स्टॉकला लावू कसं?"

प्राचार्यांनी मात्र थेट 'ग्राफिक्स कार्ड' या ओळीवर लाल रेघ ओढली. बरंच केलं म्हणायचं. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16 मिलिसेकंद येतात. दणकट संगणक गबाळं काम झाकून नेतो. जुन्यावर ते लगेच उघडं पडतं: बटण आता दाबावं आणि पात्राने सावकाश विचार करून उडी मारावी. म्हणून सुधारित पत्रात मुलाने लॅबमधले भंगारात निघालेले चार संगणक मागितले. गोडोत नवा प्रकल्प उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडला की चित्रं जुन्या ओपनजीएल 3.3 वर काढली जातात, त्यामुळे अशी बरीच यंत्रं चालून जातात. खर्च उरला तो एसएसडी, थोडी रॅम आणि एक्स्टेन्शन बोर्डांचा. भंगार मागायला आलेला विद्यार्थी प्राचार्यांनी प्रथमच पाहिला असावा. त्यांनी चहा मागवला.

चहा संपेपर्यंत ते खोलीच्या परिच्छेदाशी पोहोचले. खोली हवी होती ती ग्लोबल गेम जॅमसाठीही. हा जॅम 2009 पासून दर जानेवारीत भरतो. विषय जाहीर होतो आणि 48 तासांत गेम उभा करायचा असतो.

"म्हणजे मुलं रात्री इथेच?"

"हो सर."

"आणि जानेवारीत आपलं गॅदरिंग असतं."

"हो सर."

प्राचार्यांनी शेरा मारला: 'संगणक द्यावेत. खोलीबाबत जिमखाना, वॉचमन व पालक यांची लेखी संमती जोडावी.' खाली हेडक्लार्कनी पेन्सिलीने भर घातली: 'इंजिनाची पावती नाही.'