सातबाऱ्याचे छायाचित्रण

महाराष्ट्रातील कौटुंबिक समूहांवर कागदपत्र पाठवण्याची एक प्रस्थापित पद्धत आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावरून पैसे भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यायचा, तो पडद्यावर उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, तो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि वकिलाने ‘गट क्रमांक दिसत नाही’ असे कळवल्यावर दोष नेटवर्कला द्यायचा. नेटवर्क या आरोपाबाबत पूर्णपणे निर्दोष असते.

व्हॉट्सॲप छायाचित्रांना दाबते; म्हणजे लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांपर्यंत आणून, उरलेला तपशील जेपीईजी पद्धतीने गाळून प्रत हलकी करते. एचडीचा पर्याय निवडला तर ठिपके वाढतात, पण गाळणे थांबत नाही. इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केलेले ए-४ पान ३५०८ ठिपके उंच असते आणि त्यातले आठ पॉइंटचे अक्षर सुमारे ३३ ठिपके उंची व्यापते. त्याच पानाचे १६०० ठिपके झाले की अक्षराच्या वाट्याला जेमतेम १५ येतात. त्यात रफार, मात्रा आणि अनुस्वार यांनी आपापसांत काय ती वाटणी करून घ्यावी, अशी अपेक्षा असते.

पीडीएफ फाइल मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून गेली, तर तिच्या एकाही बाइटला हात लागत नाही. अँड्रॉइडवर कागद अडकवायच्या पिनेचे चिन्ह, आयफोनवर अधिकचे चिन्ह, मग ‘डॉक्युमेंट’ आणि फाइल, इतकाच हा विधी असून त्याची मर्यादा २ जीबी असल्यामुळे सातबाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. संभाषणात दिसणारे पहिल्या पानाचे धूसर चित्र ही केवळ झलक असते. ते पाहून ‘बिघडली’ असा निकाल देणाऱ्या जाणकारांनी फाइल उघडून पाहण्याचे कष्ट घ्यावेत. खात्रीसाठी दोन्ही फोनवरच्या फाइल-तपशिलात आकार ताडून पाहावा: इकडे २१४ केबी आणि तिकडेही तितकेच असेल, तर वाटेत काही दाबले गेलेले नाही असे धरायला हरकत नाही.

डिजिटल स्वाक्षरीच्या बाबतीत हा भेद अधिक कठोर होतो, कारण ती स्वाक्षरी कागदावरच्या हिरव्या खुणेत नसून फाइलमधील मजकुरावरून काढलेल्या गणिती ठशात असते आणि स्वाक्षरीनंतर मजकूर बदलला की पडताळणी फसते. स्क्रीनशॉटमध्ये तर खुणेचे चित्र तेवढे उरते, पडताळायला स्वाक्षरीच नसते. एवढे होऊनही ‘सही तर दिसतेय ना’ हा युक्तिवाद समूहावर बहुमताने मंजूर होतो.

डॉक्युमेंटचा मार्ग आधीच झालेली हानी मात्र भरून काढत नाही. स्कॅनर ॲपमध्ये ‘लहान आकार’ निवडून बनवलेली पीडीएफ तितक्याच पुसट अवस्थेत, पण अत्यंत प्रामाणिकपणे पोहोचते. कागद मिळाला एवढेच कळवायचे असेल तिथे छायाचित्र चालते. जे छापायचे, पडताळायचे किंवा तलाठ्यापुढे ठेवायचे आहे, ते डॉक्युमेंट म्हणूनच जावे लागते, आणि मधल्या काकांनी ते पुढे पाठवताना पुन्हा स्क्रीनशॉट काढू नये, याची तरतूद मात्र कोणत्याही ॲपमध्ये नाही.